माइकची केबल हलवली की कडकड: दुरुस्त करायची की टाकायची?

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाचा छोटा साउंड सेट आहे. चवथीला घरोघरी आरत्यांना नेतो. दरवर्षी दोन-तीन माइकच्या केबली जातात, हलवलं की कडकड आवाज येतो. एका केबलच्या पिना वाकल्यात. नवीन घ्याव्यात की दुरुस्त होतात? आणि गुंडाळायची बरोबर पद्धत कोणती?

उत्तर:

मी फोंड्याच्या बाजूचा. गावच्या जत्रेतल्या नाटकांना आणि भजनांना बरीच वर्षं साउंड सांभाळतो, तेव्हा तुमची कडकड माझ्या ओळखीची आहे. तुमच्या बहुतेक केबली दुरुस्त होतील. केबल सहसा मध्ये तुटत नाही, ती जॅकच्या तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचांत तुटते. तिथे ती पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकते आणि आतले केसासारखे तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. वरून मात्र ती धडधाकट दिसते.

एका वर्षी आरती ऐन रंगात असताना पेटीच्या माइकचा आवाज एकदम बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. पेटीवाल्याने माइकला दोष दिला, मी मिक्सरला. माइक बदलला तरी तेच. घुमट वाजवणाऱ्यांतल्या एका पोराचा पाय केबलवर पडला, क्षणभर आवाज भरून आला आणि पुन्हा गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तीन पिनांच्या जॅकमध्ये १ नंबरला बाहेरची जाळी असते, २ आणि ३ वर आवाजाच्या दोन तारा. नंबर पिनांच्या शेजारी बारीक अक्षरांत कोरलेले असतात, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. २ किंवा ३ तुटली की आवाज असा बारीक आणि खालचे सूर गेलेला येतो. जाळी सुटली की घुंSS अशी घरघर सुरू होते, आणि मिक्सरमधून वीज घेणारा कंडेन्सर माइक असेल तर तो गप्पच होतो. नुसत्या आवाजावरून अर्धं निदान होतं ते असं.

उरलेलं अर्धं मल्टिमीटरने. तो बीप वाजवणाऱ्या खुणेवर ठेवायचा, एका टोकाची १ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या १ शी, २ ची २ शी, ३ ची ३ शी जुळवून बघायची. बीप वाजत असताना दुसऱ्याला जॅकजवळ केबल हळूहळू चारी बाजूंना वाकवायला सांगा. बीप तुटला की जागा सापडली. केबल स्थिर ठेवून तपासली तर तुटके तंतू एकमेकांना टेकलेले असतात आणि मीटर फसवतो. शेवटी १, २, ३ एकमेकांत कुठे चिकटल्यात का तेही बघा, तिथे बीप वाजता कामा नये.

त्या पेटीच्या केबलचा २ नंबर माइककडच्या टोकाला तुटत होता. जॅक उघडला, तारा कुठे लागल्यात त्याचा फोटो काढला आणि केबल तीन इंच कापली. सोलल्यावर तांबं काळं. आपल्याकडे हे नेहमीचं: पावसाळ्यातला दमट, किनाऱ्याजवळ खारट वारा जॅकमधून आवरणाखाली शिरतो. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, वरून गोळा बसल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सुटतो. म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं. मला आणखी चार इंच कापावं लागलं. दहा मीटरची केबल तेवढ्याने तोकडी होत नाही. मग सोल्डर केला, जॅक बंद करायला गेलो आणि लक्षात आलं की जॅकची मागची टोपी टेबलावरच राहिलीय. ती सोल्डर करण्याआधी केबलमध्ये ओवायची असते. सगळं पुन्हा सोडवलं. ही चूक प्रत्येकजण एकदा करतो, तुम्ही नका करू. टोपीच्या आत केबलला आवळून धरणारी चिमटी असते, ती बाहेरच्या आवरणावर घट्ट बसली पाहिजे. ती सैल राहिली की सगळा ताण सोल्डरवर येतो.

वाकलेली पिन पहिल्यांदा सरळ होते. रिफिल काढलेल्या पेनाची नळी पिनेवर बसत असेल तर ती घालून सावकाश वळवा, नाहीतर पक्कडीला कापड गुंडाळून. झटका द्यायचा नाही. तीच पिन दुसऱ्यांदा वाकली तर जॅकच बदला, कारण ती मुळाशी चिरलेली असते आणि एखाद्या दिवशी मिक्सरच्या भोकात तुटून अडकते. पिना धरणारं प्लास्टिक डगमगत असेल किंवा कुणाच्या पायाखाली येऊन जॅकचा गोल चपटा झाला असेल, तरीही नवा जॅक. केबल चांगली असताना नुसता जॅक बदलणं स्वस्त पडतं.

टाकायची कधी? दोन्ही टोकांकडून फूटभर कापूनही तांबं काळंच निघत असेल, किंवा आवरण कडक होऊन वाकवताना तडकत असेल तर. दोष मध्येच कुठे असेल, समजा खुर्चीच्या पायाखाली चेपली, तर तिथे जोड देऊन वर टेप मारू नका. तिथे कापून दोन लहान केबली करा, मंडळात लहान केबल कायम कमी पडते.

आता गुंडाळणं. कोपर आणि अंगठा यांत भराभर गुंडाळता ना? प्रत्येक वेढ्याला केबलला एक पूर्ण पीळ बसतो, आणि वर ती लहान वेढ्यात आवळली जाते. त्याऐवजी टोक डाव्या हातात धरा आणि परातीएवढा सैल वेढा घ्या. पहिला नेहमीसारखा. दुसऱ्या वेढ्याला उजवा तळवा बाहेर वळवून केबल धरा आणि मनगट सरळ करत वेढा आणा, म्हणजे पुढची केबल वेढ्याच्या आतल्या बाजूने जाते. एक सरळ, एक उलटा. एकाचा पीळ दुसरा सोडवतो. जमलं की नाही ते बघायचं तर एक टोक धरून गुंडाळी अंगणात भिरकावा, केबल विनागाठ सरळ पडली पाहिजे. मात्र सोडताना आतलं टोक गुंडाळीच्या मधून ओढून काढलं तर गाठींची माळ तयार होते.

बांधायला जुन्या परकराची नाडी उत्तम. चिकटटेप उन्हाळ्यात वितळून चिकट राड करतो, आणि केबलचंच टोक गुंडाळीभोवती आवळलं की जॅकच्या तोंडाशी पुन्हा तोच मार. पावसातून आल्यावर ओल्या केबली पेटीत कोंबू नका. कोरड्या कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली पसरा. खिळ्यालाही टांगू नका, जाड खुंटी हवी.

हे सगळं माइकच्या केबलीपुरतं. विजेच्या वायरचं आवरण फाटून तांबं दिसत असेल किंवा प्लग तापून तपकिरी झाला असेल, तर टेपवर भागवू नका, बदला. माटोळीखालच्या ओल्या जमिनीवर आणि अनवाणी माणसांत तर नाहीच. रीळवाला एक्स्टेंशन बोर्ड असेल तर जास्त भार देताना तो पूर्ण उलगडा, गुंडाळलेला तसाच चालवला तर आतून तापतो.

आणि कार्यक्रमात एखादी केबल दगा देते तेव्हा ती बाजूला काढल्याकाढल्या तिच्या टोकाला सैल गाठ मारून ठेवा. नाहीतर रात्री ती चांगल्या केबलींत मिसळते आणि पुढच्या घरी पुन्हा तीच तुमच्या हाताला लागते.