विकलनाचा मॅट्रिक्स, त्याचा कर्नल आणि इमेज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळचे पाचही प्रश्न एकाच उदाहरणाभोवतीचे आहेत. ज्यांची कोटी जास्तीत जास्त तीन आहे अशा सगळ्या बहुपदींच्या अवकाशाला P₃ म्हणू. शून्य बहुपदीही त्यात धरली आहे. D म्हणजे विकलन: D(p) = p′. वेगळे काही सांगितले नसेल तर बेसिस 1, x, x², x³ याच क्रमाने घेतला आहे.

प्रश्न: माझ्या मॅट्रिक्समध्ये 1, 2, 3 हे आकडे कर्णाच्या खाली आले, उत्तरात ते कर्णाच्या वर आहेत. आकडे तेच असताना माझे चूक का?

तुम्ही प्रत्येक विकलज आडव्या ओळीत लिहिला असणार. तो उभा, म्हणजे कॉलममध्ये लिहायचा असतो. बेसिसमधली पहिली बहुपदी 1. तिचा विकलज 0, म्हणून पहिला कॉलम सगळा शून्यांचा. x चा विकलज 1, म्हणून दुसऱ्या कॉलममध्ये सगळ्यात वर 1. x² चा 2x, म्हणून तिसऱ्या कॉलममध्ये x च्या जागी 2. x³ चा 3x², म्हणून चौथ्या कॉलममध्ये x² च्या जागी 3.

```
0 1 0 0
0 0 2 0
0 0 0 3
0 0 0 0
```

उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतः तपासता येते. p(x) = 7 − 4x + 5x² + 2x³ घ्या. सहगुणकांचा कॉलम (7, −4, 5, 2). वरच्या मॅट्रिक्सने गुणल्यावर (−4, 10, 6, 0) मिळते, म्हणजे −4 + 10x + 6x². हाच p चा विकलज. तुमच्या मॅट्रिक्सने त्याच कॉलमला गुणले तर (0, 7, −8, 15) येते, म्हणजे 7x − 8x² + 15x³. विकलन केल्यावर 7 हे स्थिरपद नाहीसे व्हायला हवे होते, ते 7x होऊन बसले आहे. एवढा गुणाकारही करायचा नसेल तर फक्त पहिला कॉलम पाहा. 1 चा विकलज शून्य आहे, तेव्हा या बेसिसमध्ये पहिला कॉलम शून्याचाच हवा.

मात्र कर्णाच्या खाली आकडे दिसले म्हणजे उत्तर चूकच, असे समजू नका. कोणी बेसिस उलट्या क्रमाने, x³, x², x, 1 असा घेतला तर आकडे कर्णाच्या खालीच येतात, पण वरून खाली 3, 2, 1 असे. तुमचे 1, 2, 3 आहेत. त्यावरूनच कळते की बेसिसचा क्रम बदललेला नाही, ओळ आणि कॉलम यांची अदलाबदल झाली आहे.

प्रश्न: x² − 4x चा विकलज 2x − 4 आहे आणि x = 2 ला तो शून्य होतो. मग x² − 4x कर्नलमध्ये का नाही?

कारण कर्नलच्या व्याख्येतला शून्य ही संख्या नाही, ती शून्य बहुपदी आहे. D ला आपण एक बहुपदी देतो आणि तो एक बहुपदीच परत देतो. x मध्ये काही किंमत घालण्याचा टप्पा त्यात कुठेच येत नाही. 2x − 4 ही बहुपदी म्हणून शून्य नाही, तिचे सहगुणक −4 आणि 2 आहेत.

तुम्ही केलेले काम वेगळे होते. p′(2) = 0 ही अट घालून तुम्ही वक्राची स्पर्शिका x = 2 ला आडवी आहे का हे पाहिलेत. कमाल-किमान काढताना p′(x) = 0 हे समीकरण सोडवायची सवय झालेली असते, आणि तेच चिन्ह इथेही दिसते, म्हणून ही गल्लत होते. कर्नल काढताना x ची किंमत शोधायची नसते, बहुपदी शोधायची असते. p = a + bx + cx² + dx³ असेल तर p′ = b + 2cx + 3dx². ही शून्य बहुपदी व्हायची तर b, 2c, 3d हे तिन्ही शून्य हवेत. a वर काहीच बंधन नाही. म्हणून कर्नल म्हणजे सगळ्या स्थिर बहुपदी, आणि त्याची मिती एक.

प्रश्न: आम्हाला 1 + x, x, x², x³ हा बेसिस दिला होता. माझा कर्नल (1, −1, 0, 0) चा स्पॅन आला, मैत्रिणीचा (1, 0, 0, 0) चा. बरोबर कोण?

तुमच्या बेसिससाठी तुमचे गणित बरोबर आहे, फक्त ते अर्ध्यावर थांबले आहे. D(1 + x) = 1 आणि D(x) = 1. आता हा 1 नव्या बेसिसमध्ये लिहायचा: 1 = (1 + x) − x. म्हणून पहिले दोन्ही कॉलम (1, −1, 0, 0). पुढे D(x²) = 2x, त्याचा कॉलम (0, 2, 0, 0), आणि D(x³) = 3x², त्याचा (0, 0, 3, 0).

```
 1  1  0  0
-1 -1  2  0
 0  0  0  3
 0  0  0  0
```

पहिले दोन कॉलम सारखेच असल्यामुळे एकातून दुसरा वजा केला की शून्य उरते. तुमचे (1, −1, 0, 0) तिथूनच आले. पण हे चार आकडे म्हणजे बहुपदी नव्हे, ते बहुपदीचे या बेसिसमधले सहगुणक आहेत. बहुपदीत परत या: 1·(1 + x) − 1·x = 1. पुन्हा स्थिर बहुपदीच.

मैत्रिणीने नेहमीचा बेसिस घेतला असेल तर तिचे (1, 0, 0, 0) सुद्धा 1 च आहे, आणि तुम्हा दोघींचा कर्नल एकच आहे. पण तिने (1, 0, 0, 0) हे तुमच्याच बेसिसमध्ये लिहिले असेल तर त्याचा अर्थ 1 + x होतो, आणि त्याचा विकलज 1 आहे, शून्य नाही. मी पेपर तपासताना या प्रश्नात गुण बहुतेक वेळा इथेच कापले: नल स्पेस अचूक काढलेली असते, आणि शेवटची ओळ, म्हणजे कोणती बहुपदी ती, लिहायची राहिलेली असते.

प्रश्न: एका पुस्तकात याच D चा मॅट्रिक्स 3 × 4 दिला आहे, आमच्या वर्गात 4 × 4. आणि विकलनाच्या उलट समाकलन असते, तर या मॅट्रिक्सचा व्यस्त का नसतो?

पुस्तकाने D हा P₃ पासून P₂ पर्यंत मानला आहे, तुमच्या वर्गात P₃ पासून P₃ पर्यंत. मॅट्रिक्समधला फरक शेवटच्या शून्याच्या ओळीपुरता. कर्नल दोन्हीकडे तोच. इमेजही तीच, P₂. फक्त पुस्तकातल्या मांडणीत D आच्छादक ठरतो आणि वर्गातल्या मांडणीत नाही, कारण कोणत्याही घन बहुपदीचा विकलज पुन्हा घन होऊ शकत नाही.

समाकलनाचा प्रश्न करूनच पाहू. P₂ मधल्या a + bx + cx² ला ax + (b/2)x² + (c/3)x³ कडे नेणाऱ्या क्रियेला S म्हणा. आधी S आणि मग D केले की मूळ बहुपदी जशीच्या तशी परत मिळते. उलट क्रमाने करा: 7 − 4x + 5x² + 2x³ चे विकलन केले, −4 + 10x + 6x² मिळाले, त्यावर S लावले तर −4x + 5x² + 2x³ हाती येते. 7 गेला. D ने तो पुसल्यावर S ला तो कळायला मार्गच नाही. समाकलनात शेवटी + C लिहायला लावतात तो C म्हणजे हाच कर्नल. कर्नलमध्ये शून्याखेरीज काही असेल तर व्यस्त मिळत नाही, आणि 4 × 4 मॅट्रिक्समधला शून्यांचा पहिला कॉलम तेच सांगतो: निश्चयक शून्य.

प्रश्न: नलिटी 1, रँक 3, बेरीज 4. म्हणजे कर्नल आणि इमेज एकत्र केले की पूर्ण P₃ मिळते ना? पण मग x³ कशात आहे?

कशातच नाही. तुमची शंका अगदी नेमक्या जागी आली आहे.

रँक-नलिटीचे प्रमेय मितींची बेरीज सांगते. ते दोन उपअवकाश एकमेकांत शिरलेले आहेत की वेगळे, याबद्दल ते काही बोलत नाही. कर्नल हा D मध्ये जाणाऱ्या बहुपदींचा भाग, इमेज हा बाहेर येणाऱ्यांचा. आत जाताना 1 नाहीसा होतो, आणि x, x², x³ हे तिघे 1, 2x, 3x² होऊन बाहेर येतात. रँकमधला 3 या बाहेर आलेल्या तिघांचा आहे. x³ आत गेला म्हणून तो मोजणीत आला, पण इमेजमध्ये तो स्वतः नाही, त्याचा विकलज आहे.

इथे तर कर्नल इमेजच्या पोटातच आहे. 1 = D(x), म्हणून प्रत्येक स्थिर बहुपदी कुणाचा तरी विकलज आहे. कर्नल आणि इमेज यांची बेरीज केली तरी P₂ च मिळते, मिती तीन.

D पुन्हा पुन्हा लावल्यावर हे जास्त स्पष्ट दिसते. D² चा मॅट्रिक्स असा:

```
0 0 2 0
0 0 0 6
0 0 0 0
0 0 0 0
```

याचा कर्नल 1 आणि x यांचा स्पॅन. इमेजही 1 आणि x यांचाच स्पॅन! नलिटी 2, रँक 2, बेरीज चारच, आणि तरी दोन्ही उपअवकाश तंतोतंत एकच. D³ ला कर्नल P₂ होतो, इमेजमध्ये फक्त स्थिर बहुपदी उरतात. D⁴ शून्य. म्हणजे नलिटी 1, 2, 3, 4 अशी एकेक पायरी चढत जाते.

आता याच्या शेजारी दुसरी क्रिया ठेवा: T(p) = x·p′(x). ती 1 ला 0, x ला x, x² ला 2x² आणि x³ ला 3x³ कडे नेते. मॅट्रिक्स कर्णावर 0, 1, 2, 3 असा. कर्नल D चाच, स्थिर बहुपदी. रँकही तीन. पण इमेज x, x², x³ यांचा स्पॅन आहे, त्यात शून्याखेरीज एकही स्थिर बहुपदी नाही. इथे कर्नल आणि इमेज मिळून खरोखर पूर्ण P₃ मिळते.

दोन्हींची नलिटी आणि रँक सारखीच, म्हणून नुसत्या या आकड्यांवरून हा फरक कळणार नाही. तो ओळखायला क्रिया दोनदा लावून पाहा. T² चा कर्नल T च्याच कर्नलइतका राहतो, D² चा मात्र वाढतो, कारण x पहिल्या वेळी 1 होतो आणि दुसऱ्या वेळी नाहीसा. कर्नल वाढला की समजा, इमेजमधले काहीतरी शून्याखेरीजचे कर्नलमध्ये आहे. त्याच कारणाने D चा मॅट्रिक्स कोणताही बेसिस घेतला तरी कर्णरूप होत नाही: त्याचे एकमेव आयगेनमूल्य शून्य, आणि त्या मूल्याचे आयगेनसदिश फक्त स्थिर बहुपदी. चार हवे असताना एकच स्वतंत्र आयगेनसदिश मिळतो. बेसिस 1, x, x²/2, x³/6 असा घेतला तर कर्णाच्या वरचे तिन्ही आकडे 1 होतात. त्याहून साधे रूप D ला नाही.