इन्सुलिनचं डिस्चार्ज कार्ड घरच्यांच्या भाषेत कसं लिहायचं?

प्रश्न: मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नुकतीच रुजू झाले आहे. पेशंटला सुट्टी देताना इन्सुलिनच्या सूचना नातेवाइकांना सोप्या मराठीत लिहून द्यायला सांगितलंय. पण सोपं लिहिलं की डॉक्टर म्हणतात, अचूक राहिलं नाही. नेमकं काय करू?

उत्तर:

मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं अधिपरिचारिका आहे. सुट्टीच्या दिवशीचं समुपदेशन बहुतेक माझ्याकडेच असतं. डॉक्टरांच्या कार्डाचं भाषांतर करत बसू नका, हे माझं पहिलं सांगणं. ते कार्ड जसं आहे तसं राहू द्या, कारण ते पुढच्या डॉक्टरसाठी आहे. घरच्यांसाठी वेगळा कागद करा. घरी सुई देणारा माणूस सकाळी उठल्यापासून हाताने काय काय करणार, तेवढंच त्यावर लिहा. औषधाचं नाव, बाटलीवरची ताकद आणि डोसचा आकडा मात्र जशाच्या तसा उतरवायचा. तिथे सोपं करण्यासारखं काही नसतं.

एका आजींची गोष्ट सांगते, म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते दिसेल. वय साठीच्या पुढे, पायाला जखम, शुगर वाढलेली. दिवाळीच्या तोंडावर सुट्टी झाली. डोस होता ३०/७० इन्सुलिन, सकाळी १६ युनिट, रात्री ८ युनिट. बाटली ४० युनिट प्रति मिलीची. कार्डावर '१६-०-८' असं होतं. मी त्याखाली मराठीत लिहिलं, 'सकाळी १६, रात्री ८, जेवणाआधी', आणि सूनबाईला विचारलं, 'समजलं ना?' ती म्हणाली, 'हो जी.'

पाच आठवड्यांनी आजी परत आल्या. जखम भरलेली नव्हती, शुगर ४१२. डोस वाढवायची चर्चा सुरू झाली. मी सूनबाईला औषधाची पिशवी उघडायला सांगितली. त्यात पहिलीच बाटली होती आणि तिच्या तळाशी अजून औषध होतं.

हिशेब असा. बाटली १० मिलीची, म्हणजे ४०० युनिट. रोज २४ युनिट गेले तर ती साडेसोळा दिवसांच्या आसपास संपते. पाच आठवड्यांत तिसरी बाटली चालू असायला हवी होती. पिशवीतली सिरिंज पाहिली तर टोपण नारिंगी. ती १०० ताकदीच्या इन्सुलिनची सिरिंज. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याकडे लाल नव्हती, त्याने नारिंगी दिली, आणि सूनबाई त्यावर इमानदारीने १६ ची रेघ भरत होती. नारिंगी सिरिंजवर १६ म्हणजे ०.१६ मिली. ४० च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे जेमतेम साडेसहा युनिट. आजींना पाच आठवडे अर्ध्याहूनही कमी डोस गेला होता. बाटली पाहिली नसती तर डोस वाढला असता, मग कधीतरी योग्य सिरिंज हाती आली असती आणि तो वाढीव डोस पुरा अंगात गेला असता. याची आठवण झाली की अजूनही पोटात गोळा येतो.

चूक उलटीही होते. १०० ताकदीचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलं तर ४० युनिट जातात. त्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो.

म्हणून कागदावर पहिली ओळ डोसची नसते. पहिली ओळ असते, 'बाटलीवर 40 लिहिलेलं, सिरिंजचं टोपण लाल. दुसऱ्या रंगाची मिळाली तर सुई देऊ नका, त्याच दिवशी आम्हाला विचारा.' आकडा बाटलीवर आणि सिरिंजवर जसा छापलेला आहे तसाच लिहा, म्हणजे इंग्रजी अंकात, आणि शेजारी अक्षरात 'सोळा'. आपला ४ आणि इंग्रजी 8 घाईत सारखेच दिसतात, १ आणि 9 चीही तीच गत. एकाच कागदावर दोन्ही लिप्यांचे अंक मिसळू नका.

दुसरी गोष्ट मला त्याच सूनबाईकडून कळली. 'रात्री ८' म्हणजे आठ वाजता, असं तिने पहिले चार दिवस धरलं होतं आणि रात्रीही सोळाच भरलं होतं. लिहिणाऱ्या मला ते स्पष्ट वाटत होतं, वाचणारीला नव्हतं. तेव्हापासून मी आकड्याला एकट्याने उभं राहू देत नाही. 'रात्रीच्या सुईत 8 (आठ) युनिट' असं लिहिते. शेजारी खऱ्या मापाची सिरिंज काढते आणि जितकं भरायचं तितकी पेनाने रंगवते. सकाळच्या सिरिंजशेजारी सूर्य, रात्रीच्या शेजारी चांदोबा. चित्र काढताना पेशंटच्या हातात जाणार तीच सिरिंज समोर ठेवा, कारण कंपनीगणिक रेघांची मांडणी बदलते.

आता 'जेवणाआधी' या शब्दाकडे या. आपल्याला तो सोपा वाटतो. वेचणीच्या दिवसांत सकाळी सहाला सुई दिली, आजी वावरात गेल्या आणि शिदोरी दहाला सोडली, तरी ते 'जेवणाआधी'च झालं. ३०/७० चं साधं मानवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं असतं. मी लिहिते, 'आधी भाकर-भाजी तयार करा. मग सुई. सुईनंतर अर्ध्या तासात ताटावर बसवा. सुई देऊन वावरात पाठवू नका.' शब्द वाढले, पण आता चुकीचा अर्थ काढायला जागा नाही. सोपं म्हणजे थोडक्यात, असं धरू नका.

सगळ्यात जास्त वेळ मी 'शुगर कमी होणे' या एका वाक्यावर घालवते. आपल्याकडे शुगर हे आजाराचंच नाव आहे. 'मले शुगर हाय' म्हणणाऱ्या माणसाला 'शुगर कमी झाली' ही चांगली बातमी वाटते. आणि पुढे 'साखर द्या' वाचलं की घरचे चक्रावतात, कारण महिनाभर आपणच साखर बंद करा म्हणून सांगत आलेलो असतो. त्यामुळे तो शब्दच काढा, जे डोळ्यांना दिसतं ते लिहा. 'अचानक दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं. यातलं काही दिसलं तर सुईचा जोर जास्त झाला आहे. या वेळी साखर द्यायचीच. चहाचे तीन सपाट चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की लगेच जेवू घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा.' तीन चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ग्लुकोमीटर असेल तर ७० च्या खाली आकडा, हेही लिहा. पेशंट रात्री जागलीला वावरात जात असेल तर साखरेची पुडी खिशात आणि सोबतीला माणूस, असं वेगळं लिहा. रात्री एकट्या माणसाला घाम फुटलेला कोण पाहणार?

डॉक्टरांची तक्रार खरी ठरते ती अशा ठिकाणी: 'जेवण नाही तर सुई नाही.' वाक्य छोटं आहे, लक्षात राहतं, आणि आजींसारख्या, दोन वेळा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २ च्या पेशंटला एखादं जेवण चुकलं तर त्या वेळेपुरतं चालतंही. पण तोच कागद टाइप १ च्या पोराच्या घरी गेला, त्याला ओकाऱ्या होऊ लागल्या आणि आईने इन्सुलिन पूर्ण बंद केलं, तर रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. त्याच्या कागदावर 'ताप-ओकारीतही सुई बंद करायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात आणा' असंच हवं. म्हणून सगळ्यांसाठी एकच छापील मराठी पत्रक करू नका. आजींच्या कागदावर आम्ही लिहिलं, 'एक वेळचं जेवण चुकणार असेल, उपास असेल, तर त्या वेळची सुई देऊ नका. ताप, जुलाब, ओकारीने जेवण तुटलं तर त्याच दिवशी दाखवा.' ही ओळ डॉक्टरांनी पेशंट पाहून ठरवली. आपण मनाने घालायची नाही.

साठवणीचं थोडक्यात सांगते. फ्रीज नसेल तर माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात कोरड्या डब्यात बाटली ठेवायला सांगा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मडकं चांगलं गार राहतं, पावसाळ्यात दमट हवेत तेवढं नाही. बर्फात किंवा फ्रीजरमध्ये कधीच नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, चार आठवड्यांनी उरलं तरी टाका. आणि बाटली किती दिवस पुरायला हवी तेही लिहा. आजींच्या नव्या कागदावर होतं, 'ही बाटली सोळा दिवसांत संपायला हवी. तीन आठवडे पुरली किंवा दहा दिवसांत संपली तर काहीतरी चुकतंय, बाटली-सिरिंज घेऊन या.' घरच्या घरी चूक पकडायची याहून चांगली खूण मला अजून सापडलेली नाही.

अचूकपणा तपासायची आमची रीत अशी. कागद लिहून झाला की मूळ कार्ड न पाहिलेल्या दुसऱ्या सिस्टरला देते. तिने तो वाचून डोस, वेळ आणि सिरिंज सांगायची. ते कार्डाशी जुळलं तरच डॉक्टर सही करतात. मग घरच्यांकडे जाते. 'समजलं का' विचारत नाही. म्हणते, 'ताई, घरी गेल्यावर आजी विचारतील आज किती भरलं, तर काय सांगाल? मला भरून दाखवा.' सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची सुई घरचाच माणूस आमच्यासमोर भरतो. बाटली हलवायची नाही, तळहातात दहा वेळा घोळवायची, हेही तेव्हाच दिसतं. कोलाम किंवा गोंड कुटुंब असेल आणि मराठी त्यांची घरची बोली नसेल, तर गावच्या आशाताईला बोलावते आणि आधी तिच्याकडून भरून घेते. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वॉर्ड भरलेला असेल तर दोघींपैकी एकीने तेवढा वेळ बाहेर काढावाच लागतो.

आणखी एक. डोस बदलला की जुना कागद परत घ्या. आजींचा डोस पुढे कमी झाला तेव्हा नवा कागद दिला, पण जुना त्यांच्या चुलीमागच्या भिंतीला चिकटवलेला होता आणि सूनबाई सवयीने त्याकडेच बघत होती. आता प्रत्येक कागदावर वर मोठ्या अक्षरात 'अमुक तारखेच्या तपासणीपर्यंतच' असं लिहिते, आणि तपासणीला येताना तो काढून आणायला सांगते.