गराडूला लागर, आंबटगोड चाटला व्हीट बिअर

प्रश्न: "शनिवारी घरी चार-पाच मित्र येणार आहेत. गराडूच्या कंदाचे तुकडे घरीच तळायचे आहेत, कचोरी आणि आलू टिकिया बाहेरून आणायची आहे. मागच्या वेळी टिकियाबरोबर साधी लागर प्यायलो तर ती अगदी पाणीदार लागली. बिअर बदलावी की पदार्थ?"

बिअर बदलावी, पण सगळ्या पदार्थांसाठी नव्हे. तळलेल्या आणि खारट पदार्थांना हलकी लागरच उत्तम आहे. अडचण चिंचेची आणि लिंबाची आहे.

बिअर मुळात सौम्य आंबट असते, तर चिंचेची चटणी आणि लिंबाचा रस तिच्यापेक्षा कितीतरी आंबट असतात. जिभेला तीव्र आंबट चव लागली की त्यानंतरच्या घोटातला आंबटपणा जाणवत नाही, आणि हलक्या लागरची सारी तरतरी तर त्या किंचित आंबटपणावर, सौम्य कडवटपणावर आणि बुडबुड्यांवरच उभी असते. त्यामुळे आपल्याला पाणीदार लागलेली ती बाटली बहुधा निर्दोष होती. व्हीट बिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, मात्र या तिन्हींखेरीज आणखी काही शिल्लक राहते. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरला यीस्टमुळे पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो, बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते, आणि गव्हातील प्रथिनांमुळे दोन्हींचा घोट तोंडात थोडा भरीव लागतो. आंबटपणाने चव दबली तरी हे गंध दबत नाहीत.

गराडूवरच हे करून पाहता येईल. त्याचे तुकडे आधी मंद आचेवर आतपर्यंत शिजतील इतके तळून बाजूला ठेवावेत आणि वाढण्याच्या वेळी कडक तापलेल्या तेलात पुन्हा तळावेत, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतात. पहिल्या ताटलीत नुसते मीठ भुरभुरावे. गराडूचा पिठूळपणा आणि तेल जिभेवर बसते, लागरचे बुडबुडे ते खरवडून काढतात, आणि मिठामुळे बिअरचा कडवटपणाही मवाळ होतो. दुसऱ्या ताटलीवर जीरावन मसाला आणि लिंबू घालावे, आणि त्याच लागरचा घोट आधी व नंतर घ्यावा. नंतरचा घोट पातळ वाटला तर तिथे व्हीट बिअर उघडायची वेळ झाली असे समजावे. जीरावनात धणे आणि बहुधा लवंगही असते, म्हणून ही जोडी मला केवळ चालणारी नव्हे, तर खास वाटते. लिंबू मात्र ज्याचे त्याने पिळून घ्यावे. सगळ्या ताटलीवर आधीच पिळल्यास कुरकुरीतपणा जातो आणि लागर पिणाऱ्यांची पंचाईत होते.

टिकियावर गोड चटणी आणि दही असेल तर बेल्जियन पद्धतीची बिअर घ्यावी. कचोरी कोरडी खाणार असाल तर लागर, चटणीत बुडवून खाणार असाल तर व्हीट. पाणीपुरीबरोबर मी कोणतीच बिअर देत नाही. पुदिना, मिरची आणि आंबट पाणी यांपुढे दोन्ही हरतात.

तिखटाबद्दल एक सावधगिरी. बुडबुडे आणि मद्यार्क दोन्ही मिरचीची आग वाढवतात, आणि कडवटपणाही तिखटासोबत बोचरा लागतो. थंड घोटाने क्षणभर बरे वाटते, पण आग लगेच परतते. म्हणून हिरवी चटणी झणझणीत असेल तर सुमारे ५ टक्के मद्यार्काचीच बिअर असावी. दुकानात जी 'स्ट्राँग' म्हणून मिळते आणि ८ टक्क्यांपर्यंत जाते, ती या बेतात नको; तिचा जड गोडसरपणा तळणावर तर आणखीच अंगावर येतो. शांतवण्याचे काम दह्यावर सोपवावे.

लागर फ्रीजमधून थेट, ४ ते ६ अंशांवर द्यावी. व्हीट बिअर दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी, कारण फार थंड असताना तिचा गंध उमलत नाही. इंदूरच्या डिसेंबरात ही वेळ थोडी वाढवावी लागेल. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असेल तर तीन-चतुर्थांश बिअर ओतून झाल्यावर उरलेली हलकेच घोळवून ग्लासात घ्यावी. फेस झपाट्याने बसू लागला तर बिअरला दोष देण्याआधी ग्लासाचा काठ पाहावा: गराडू खाल्लेल्या ओठांचे तेल काठाला लागते आणि तेलापुढे फेस टिकत नाही. कागदी रुमाल हाताशी ठेवावेत, आणि ग्लास साबणाचा अंश राहणार नाही असे भरपूर पाण्याने धुतलेले असावेत.

एवढ्या मंडळींना दोन्ही प्रकार आणायचे झाल्यास लागर थोडी जास्त घ्यावी. गराडूचा पहिला घाणा कढईतून निघताच संपतो, आणि त्या वेळी चटण्यांची भांडी अजून कोणी उघडलेलीही नसतात.