तिरका डंबेल, सरळ शाफ्ट आणि वाकडा L

प्रश्न: शाफ्टला तिरका बसवलेला डंबेल एकसारख्या स्पीडने फिरतोय, तरी अँग्युलर मोमेंटम ω च्या दिशेत नाही आणि टॉर्क लागतो असं सर म्हणाले. स्पीड बदलतच नाहीये तर टॉर्क कशाला?

मी पण इथेच अडकलो होतो, कारण बारावीपर्यंत L = Iω इतकं घोटलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही. ते सूत्र जरा बाजूला ठेव आणि एकच गोळा बघ. कागदावर शाफ्ट उभा काढ, दांडी त्याच्या मधोमध तिरकी, एक गोळा वर उजवीकडे, एक खाली डावीकडे. ω वरच्या दिशेने असेल तर उजवा गोळा या क्षणी कागदाच्या आत चाललाय, म्हणून दांडीच्या मध्यापासून r × p काढलंस की ते दांडीला काटकोनात येतं, वर आणि डावीकडे कललेलं. खालच्या गोळ्याचे r आणि p दोन्ही उलटे, म्हणजे गुणाकार तोच, दोघांची बेरीज होते. झालं, L वाकडा.

आता दांडी फिरली की L पण तिच्याबरोबर शाफ्टभोवती फिरतो, शंकूसारखा. लांबी तीच पण दिशा सतत बदलतेय, आणि दिशा बदलायलाही टॉर्क लागतोच (वर्तुळात एकाच स्पीडने फिरणाऱ्या दगडाला दोरीची ओढ लागते ना, तसंच). तो टॉर्क ω × L.

आकडे घालून बघू. प्रत्येक गोळा ०.५ किलो, मध्यापासून २० सेंमीवर, दांडीचा शाफ्टशी कोन ६०°, ω २० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण १९१ फेरे. दांडीचं वजन सोडून दे.

```
L⊥ = 2ma²ω sinθ cosθ ≈ 0.346 kg·m²/s
τ = ωL⊥ ≈ 6.9 N·m
```

पटत नसेल तर गोळ्यांबरोबर फिरत बघ: प्रत्येक गोळा ३४.६ न्यूटनने बाहेर ओढतोय, पण एक वर आणि एक खाली, मधे २० सेंमीचा फरक, म्हणून जोडी शाफ्टला कलंडवायला बघते, तेच ६.९. बेअरिंग १० सेंमी अंतरावर असतील तर प्रत्येकावर ६९ न्यूटन, एकमेकांविरुद्ध, आणि ही दिशा प्रत्येक फेऱ्याला गोल फिरते. दोन्ही गोळ्यांचं मिळून वजनच १० न्यूटनच्या आत आहे, बघ! स्पीड दुप्पट केलास तर हे चौपट. हा टॉर्क शाफ्टला काटकोनात असतो म्हणून मोटरला तो जाणवत नाही, सगळा भार बेअरिंगवर. दांडी ९०° ला असेल तर शून्य, ४५° ला सगळ्यात जास्त.

गंमत म्हणजे थांबलेला असताना हा डंबेल कुठल्याही पोझिशनला शांत राहतो, कारण गुरुत्वमध्य शाफ्टवरच आहे. दोष फक्त फिरवल्यावर दिसतो. म्हणूनच गॅरेजमधे गाडीचं चाक मशीनवर फिरवून बॅलन्स करतात आणि रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना वजनं ठोकतात, एकाच बाजूला ठोकून हे जात नाही.