चिवड्याच्या पाऊचवरची पांढरी पट्टी

प्रश्न: "पॅकेजिंग स्टुडिओत अप्लाय करतेय. चौदा प्रोजेक्ट आहेत, सगळे पोर्टफोलिओत टाकू का? पानं किती ठेवू?"

सगळे अजिबात टाकू नका. चौदा मॉकअप बघून समोरच्याला एवढंच कळतं की तुम्हाला सॉफ्टवेअर येतं, आणि ते येतं हे तो धरूनच चालतो. त्याला बघायचं असतं की दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय सोडलं आणि का.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. माझ्या अर्जात सुरुवातीची बरीच पानं मी लिलो चिवड्याच्या एका पाऊचला दिली होती, खरं तर त्यावरच्या एका पांढऱ्या पट्टीला. माझा मावसभाऊ ह्याच लाइनीत आहे, त्याने घरात सगळ्यांसमोर सांगितलं की एवढंच काम दाखवलंस तर कोणी बोलावणार नाही, निदान बारा प्रोजेक्ट हवेतच. तो वाद आमच्यात अजून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिलो चिवडा ओलसर, सुक्या चिवड्याइतका टिकत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आधी तारीख बघतं. जुना पाऊच गडद लाल आणि तारीख काळ्या रंगात. दुकानदार पाकीट ट्यूबलाइटखाली तिरकं धरून तारीख शोधायचा, तो फोटो मी पहिल्या पानावर टाकला. खाली दोन ओळी, बस.

पुढच्या पानांवर जे जे करता आलं असतं ते सगळं. तारीख दुसरीकडे न्यायची तर तारीख छापणाऱ्या कोडरचं हेड हलवायला लागणार, आणि त्याच मशीनवर बाकीचे पाऊच पण चालायचे, ते सगळे बिघडले असते. कोडरला पांढऱ्या शाईची रिबन लावायची तर फिक्या पाऊचसाठी परत काळी, म्हणजे माल बदलला की रिबन बदला. स्टिकर लावायचा तर रोज एक माणूस त्याच कामाला. मग उरलं एकच, तारीख जिथे पडते तिथलाच लाल रंग काढून टाकायचा.

ह्यात खरी मजा छपाईची आहे. असं फिल्म ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे प्रत्येक रंगाच्या कोरलेल्या सिलेंडरने, आतल्या बाजूने छापतात आणि रंगांच्या मागे पांढरा थर येतोच, त्यामुळे पांढऱ्या पट्टीसाठी जास्तीचा सिलेंडर लागत नाही, लाल जिथे नको तिथे कोरायचा नाही एवढंच. पण हे सिलेंडर कोरायच्या आधी ठरायला हवं, नंतर सुचलं तर नवा सिलेंडर आणि त्याचा खर्च. तारखेची छपाई सुमारे ४० बाय १२ मिमी होती, पट्टी मी ६० बाय २५ ठेवली, कारण फिल्म चालताना थोडं सरकतं आणि तारीख लालवर गेली की सगळं वाया. पट्टीचं अंतर मोजलं ते आय मार्कपासून, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या खुणेपासून, मशीनचा सेन्सर तोच बघून पाऊच कापतो.

किंमत मोजली ती फोटोने. तारीख पुढच्या बाजूलाच पडत होती, त्यामुळे चिवड्याचा फोटो बराच लहान झाला. मालक म्हणाले, "बेन, फोटो नानो थई गयो." मी दोन्ही डिझाइनं खऱ्या मापात छापली, पाऊचमध्ये चिवडा भरला, मशीनवर पडते तशीच काळी तारीख टाकली आणि त्यांच्याच दुकानात मांडून ठेवली. त्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितली आणि लहान फोटोवर हो म्हणाले. दोन्ही पाऊच शेजारी शेजारी, हा फोटो सुद्धा पोर्टफोलिओत होता. आणि कुठला प्रश्न सुटला नाही तेही लिहिलं होतं: पाऊच फुगला की पट्टीची कड वळते आणि शेवटचा आकडा नीट दिसत नाही.

इंटरव्ह्यूत त्यांनी बाकीचं काम विचारलंच नाही. पट्टी एवढी मोठी का, मालक कसे तयार झाले, यावरच सगळा वेळ गेला आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं कारण ते काम मीच केलं होतं. काम मिळालं. मावसभाऊ म्हणतो नशीब. आता त्याच स्टुडिओत येणारे अर्ज मी बघते, आणि ज्यात "युजर रिसर्च, मूडबोर्ड, फायनल" असं प्रत्येक प्रोजेक्टला तेच ते साचेबद्ध लिहिलंय ते माझ्या लक्षातच राहत नाहीत.

तुमच्या चौदातला कुठला घ्यायचा हे असं बघा: ज्यात कोणीतरी तुम्हाला नाही म्हणालं होतं तो. नुसता सुंदर दिसणारा नको.

हां, जिथे अर्जातच प्रोजेक्टचा आकडा दिलाय तिथे तो पाळा, मग एक उलगडून आणि बाकीचे एकेका पानावर. ग्रुपचं काम असेल तर तो निर्णय खरंच तुमचा होता का ते स्पष्ट लिहा, इंटरव्ह्यूत दुसऱ्या प्रश्नाला कळतंच. क्लायंटचा माल अजून बाजारात यायचा असेल तर आधी विचारून घ्या. आणि इलस्ट्रेशनच्या कामाला अर्ज करत असाल तर माझं हे सगळं तितकं लागू नाही, तिथे हात दिसावा लागतो, म्हणजे चित्रं जास्तच लागतील.