तिचं 'चालेल' आणि माझा गजर

"अठ्ठावीस वर्षांनी जिवलग मैत्रिणीबरोबर सहलीला गेले आणि चार दिवसांत आम्ही एकमेकींना नकोशा झालो. आता ती पुन्हा कुठेतरी जाऊ म्हणते. मला भीती वाटते की, उरलीसुरली मैत्रीही जाईल. माणसं इतकी बदलतात का?" असं एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे.

सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी मीना आली होती, ती जवळपास हेच घेऊन. (दोघींची नावं आणि काही तपशील बदलले आहेत.) मीना बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. शुभा नाशिकची. कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या या दोघींनी तेव्हाच हंपीला जायचं ठरवलं होतं. मग लग्नं, बदल्या, मुलांच्या दहावी-बारावी, मीनाच्या नवऱ्याची बायपास. दोनदा काढलेली तिकिटं रद्द झाली. अखेर एका डिसेंबरात मिरजेहून दोघी हरिप्रिया एक्स्प्रेसमध्ये बसल्या आणि रात्री हंपीजवळच्या होसपेटला उतरल्या.

मीनाने सकाळी मातंग टेकडीवरून सूर्योदय बघायचं ठरवलं होतं. पावणेपाचचा गजर. शुभा म्हणाली, "तू हो पुढे." मीना गेलीच नाही. खोलीत दिवा लावून, बॅग आवरत, चेन ओढल्याचे आवाज करत बसली. दुसऱ्या दिवशी शुभा हजारराम मंदिरापाशी रेंगाळली. त्याच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत, ते ती एकेक करून बघत होती. दीड तास. मीनाच्या यादीत त्यानंतर लोटस महाल, हत्तीशाळा आणि विठ्ठल मंदिर. लोटस महाल आणि विठ्ठल मंदिर यांचं तिकीट एकच आणि त्याच दिवसापुरतं, म्हणून तिचा जीव वरखाली. तिसऱ्या दिवशी शुभा बोलली, "तू सहलीला आली आहेस की शाखा तपासायला?" परतीचा अख्खा दिवस गाडीत दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

"तिला माझी किंमतच नाही," मीना मला म्हणाली.

मी तिला कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे फक्त घडलं ते. कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. उजवीकडे, तिने त्याचा काय अर्थ लावला ते. हे ऐकायला सोपं आहे, पण मीनाला अर्धा तास लागला, कारण तिचं डावीकडचं पहिलंच वाक्य होतं, "शुभाने मुद्दाम उशीर केला." 'मुद्दाम' कॅमेऱ्यात दिसत नाही. तो शब्द उजवीकडे गेल्यावर डावीकडे उरलं, शुभा सकाळी झोपून राहिली, भिंतीपाशी दीड तास थांबली. मैत्रिणीची किंमत नसण्याचं त्यात काहीच नव्हतं. आणि एक गोष्ट मीनाला स्वतःहून दिसली, टेकडी शुभामुळे हुकली नव्हती. चढायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

मग मी तिला फोनमधला जुना संवाद वाचायला सांगितलं. गाडी, हॉटेल, खर्चाची वाटणी, स्वेटर घ्यायचा की नाही, सगळं होतं. मीनाने वेळापत्रक पाठवलं होतं, तासातासाचं. त्याखाली शुभाचं उत्तर, "मला काहीही चालेल." असं चार ठिकाणी. मीनाने चारही वेळा ते 'हो' म्हणून वाचलं होतं.

आपल्याकडे 'चालेल' हा फार फसवा शब्द आहे. पाहुणा चहाला चालेल म्हणतो, तेव्हा त्याला चहा हवा असतो, किंवा नको असतो पण तुम्हाला दुखवायचं नसतं. सहल ठरवताना तो बहुतेकदा एवढंच सांगतो की, या विषयावर मला आत्ता वाद नको. मग न सांगितलेली इच्छा चौथ्या दिवशी टोमणा होऊन बाहेर येते. माझ्या अनुभवात बेत आखणारा माणूस हट्टी असतो म्हणून सहल बिघडते, असं कमी वेळा होतं. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्याला खरंच काय चालणार नाही, हे विचारलं गेलेलं नसतं, असं जास्त वेळा होतं.

मीनाला मी एक फोन करायला लावला. हंपीत काय चुकलं, हा विषय काढायचा नाही. विचारायचं एवढंच, "इतकी वर्षं तुझ्या मनात हंपी कशी होती गं?" आणि उत्तर मध्येच तोडायचं नाही. हे शेवटचं मीनाला सर्वांत जड गेलं.

शुभाची सासू सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. शेवटची दोन वर्षं नाकातून नळी. दर दोन-तीन तासांनी त्यातून खाऊ घालायचं, रात्रीसुद्धा गजर लावून. हंपीची तिच्या मनातली कल्पना होती ती अशी, जिथे कुणी मला उठवणार नाही. मीनाचा गजर पहाटे वाजला तेव्हा ती झोपेतच पाय खाली टाकून बसली होती, आणि मग परत आडवी झाली होती. त्या वर्षांत या दोघींमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दिवाळीचे फॉरवर्ड यापलीकडे काही गेलं नव्हतं, त्यामुळे नळीचं मीनाला ठाऊकच नव्हतं.

आणि मीनाचा गजर? दोनदा रद्द झालेली तिकिटं. पुढच्या वेळी बघू, यावर तिचा विश्वास उरला नव्हता. नवऱ्याला ऑपरेशनला नेलं त्याच आठवड्यातलं एक तिकीट अजून तिच्या पाकिटात होतं. एकीला विश्रांती म्हणजे घड्याळ नसणं, दुसरीला काही सुटलं नाही याची खात्री होणं. दोघी कॉलेजात अशा नव्हत्या का? मला वाटतं होत्याच. पण तेव्हा सहली एका दिवसाच्या असायच्या, आणि घड्याळ मेसच्या बाईंच्या हातात असायचं.

पुढची सहल बदामीची ठरली. या वेळी मी दोघींना व्हिडिओवर एकत्र बसवलं आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, कोणती एक गोष्ट राहिली तर घरी आल्यावर वाईट वाटेल? मीना म्हणाली, बदामीच्या चारही लेण्या, पट्टदकल आणि ऐहोळे. मी म्हटलं, एक. बरीच कुरकुर करून तिने पट्टदकल निवडलं. शुभा म्हणाली, अगस्त्य तीर्थाच्या काठावर भूतनाथ मंदिरापाशी एक पूर्ण संध्याकाळ. या दोन गोष्टी दोघींनी एकत्र करायच्या. बाकीचं ज्याचं त्याने. ऐहोळेला मीना एकटी रिक्षा करून जाणार, त्या वेळी शुभा झोपणार. खोल्या दोन घेतल्या, ही मीनाला सुरुवातीला भांडणाची कबुली वाटली. तिला सांगितलं की, गजराचा आवाज भिंतीपलीकडे राहावा एवढाच त्याचा उपयोग. रात्रीचं जेवण मात्र एकत्र.

तुम्हाला हे लागू करण्याआधी एक बघून घ्या. वरची रेघ मारल्यावर डावीकडच्या बाजूलाच जर असं काही उरलं की, तिने चारचौघांत तुमची खिल्ली उडवली, ठरलेले पैसे दिले नाहीत, अनोळखी गावात न सांगता निघून गेली, तर तो प्रवासाच्या सवयीचा प्रश्न नाही, आणि दोन खोल्यांनी तो सुटणार नाही. पण तिथे फक्त उशीर, झोप आणि रेंगाळणं उरलं, तर पुढच्या वेळी तिचं पहिलं 'चालेल' आलं की तिथेच थांबून विचारा, "आणि काय चालणार नाही?"

बदामीहून मीनाचा फोन आला तो तक्रारीचा होता. तळ्याकाठी वीस मिनिटांत तिला कंटाळा आला.

"मग काय केलंस?"

"सांगितलं तिला तसं. म्हणाली, जा, चहा घेऊन ये. मला बिनसाखरेचा."