८८ मीटर लांब इमारत, एकच एक्स्पान्शन जॉइंट: रुंदी कशी काढायची आणि सीलंट कुठलं घ्यायचं

प्रश्न: नागपुरात कॉलेजची तळमजला अधिक तीन मजल्यांची आरसीसी इमारत आहे, लांबी ८८ मीटर. मधोमध एक जॉइंट धरलाय, ४४-४४ मीटरचे दोन ब्लॉक. पूर्व टोकाला लिफ्ट आणि जिन्याचा आरसीसी भिंतींचा गाभा आहे, पश्चिम ब्लॉकला तसं काही नाही. आर्किटेक्टने नकाशात २५ मिमी जॉइंट दाखवलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो थर्माकोल घालू आणि वर पॉलीसल्फाइड भरू, नेहमी असंच करतो. चालेल का?

उत्तर:

मधोमध एक जॉइंट पुरेल. २५ मिमी पुरणार नाही, आणि त्याचं मुख्य कारण तुमच्याच प्रश्नात आहे: पूर्व टोकाचा लिफ्टचा गाभा.

आधी अंतराचं बोलू. आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात जॉइंटशिवायच्या लांबीसाठी ४५ मीटरचा आकडा आहे, पण तो ‘साधारणपणे’ या शब्दासह येतो. ४५ म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. झाकलेली, चांगला कोबा असलेली, कॉलम बारीक असलेली इमारत ५० मीटरलाही सुखाने उभी राहते. उघडी गच्ची आणि दोन्ही टोकांना शिअर वॉल, म्हणजे ताठ आरसीसी भिंती, असलेली इमारत ३५ मीटरलाच तडकते. तुमचे ४४ मीटरचे ब्लॉक लांबीत बसतात. मात्र ब्लॉक किती लांब आहे यापेक्षा तो कुठल्या बिंदूपासून सरकतो, हे जास्त महत्त्वाचं.

स्लॅब तापला की तो दोन्ही बाजूंना पसरतो, आणि मध्ये कुठेतरी एक बिंदू जागचा हलत नाही. कॉलम सगळीकडे सारखेच ताठ असतील तर तो बिंदू ब्लॉकच्या मधोमध येतो. तुमच्या पश्चिम ब्लॉकचं असंच आहे, म्हणून त्यातली २२ मीटर लांबीच जॉइंटच्या दिशेने सरकते. पूर्व ब्लॉकमध्ये मात्र टोकाचा गाभा बाकीच्या कॉलमच्या मानाने इतका ताठ आहे की सगळा स्लॅब त्याला खुंटीला बांधल्यासारखा राहतो. गाभ्याचा मध्य टोकापासून साधारण ४ मीटर आत धरला, तर जवळपास ४० मीटर लांबी जॉइंटकडे ढकलली जाते. दोन्ही मिळून ६२ मीटर. बहुतेक जण इथे डोळे मिटून २२ अधिक २२ म्हणजे ४४ धरतात आणि तिथेच फसतात.

आता तापमान. हवेचं नव्हे, काँक्रीटचं. मे महिन्यात नागपूरची हवा ४५ अंशांना टेकते तेव्हा उघड्या गच्चीचा पृष्ठभाग त्याच्या बराच वर जातो. पूर्ण जाडीचं सरासरी तापमान मी अशा गच्चीला ५० अंश धरतो आणि जानेवारीच्या पहाटेला १० अंश. वर जाड कोबा आणि पांढरा चायना मोझाइक आला तर वरचा आकडा ४० च्या आसपास उतरतो. पण मधले दोन उन्हाळे गच्ची उघडीच राहणार असेल, तर ५० नेच हिशोब करा.

प्रसरणाचा गुणांक खडीवर ठरतो. बेसाल्टच्या खडीला आयएस ४५६ दर अंशाला ०.८ ते ०.९५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात देतं, क्वार्टझाइटला १.२ ते १.३. नागपूरला खडी बहुधा काळ्या दगडाचीच येते, पण वाळूचा भाग लक्षात घेऊन मी सरळ १.० धरतो. म्हणजे १० मीटर लांबी दर १० अंशांना १ मिमी हलते. हे डोक्यात ठेवलं की साइटवर कॅल्क्युलेटर लागत नाही.

सीलंट नोव्हेंबरअखेर, काँक्रीट २५ अंशांवर असताना भरलं असं धरा. उन्हाळ्यात तापमान २५ अंशांनी चढेल, म्हणून ६२ मीटरवर जॉइंट १५.५ मिमी मिटेल. थंडीत ते १५ अंशांनी उतरेल, म्हणजे ९.३ मिमी उघडेल. त्यात काँक्रीटचं आकसणं धरायचं. चाचणी नसेल तर आयएस ४५६ एकूण ०.०००३ धरायला सांगतं. सीलंट भरेपर्यंत दोनतृतीयांश आकसून झालं असं मानलं तर ०.०००१ उरतं, म्हणजे आणखी ६.२ मिमी उघडणं. एकूण उघडणं १५.५. योगायोगाने दोन्ही बाजूंना सारखंच आलं. हा मुक्त स्लॅबचा हिशोब आहे. प्रत्यक्षात कॉलम थोडं अडवतात, खालचे मजले सावलीत असल्याने कमी हलतात. पण वरच्या स्लॅबला हाच आकडा धरा.

सीलंटच्या डब्यावर ±२५ टक्के किंवा ±५० टक्के असं लिहिलेलं असतं. तो टक्का भरतेवेळच्या रुंदीवर असतो. १५.५ मिमी हालचाल २५ मिमीच्या जॉइंटमध्ये म्हणजे ६२ टक्के. कुठलंही नेहमीचं सीलंट ती सोसणार नाही. ५० मिमीच्या जॉइंटमध्ये तीच हालचाल ३१ टक्के होते: ±२५ चं पॉलीसल्फाइड इथेही नापास, ±५० चं सीलंट पास. गाभा नसता तर हालचाल ११ मिमी, म्हणजे ५० मध्ये २२ टक्के झाली असती आणि कॉन्ट्रॅक्टरचं पॉलीसल्फाइड निदान कागदावर तरी बसलं असतं.

दुसरी तपासणी भूकंपाची. २०१६ च्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या भागात आहे, म्हणून लोक ती सोडून देतात. भूकंपाचं मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत दोन ब्लॉकच्या सरकण्याच्या बेरजेला आर ने गुणायचं असतं. आर म्हणजे इमारत न कोसळता किती वाकू शकते त्यावर ठरणारा गुणक. मजले एकाच पातळीवर असतील तर आरच्या निम्म्याने. साधी फ्रेम, आर ३, आणि मॉडेलमध्ये दोन्ही ब्लॉक माथ्याला ८-८ मिमी सरकतात असं समजा: १.५ गुणिले १६, म्हणजे २४ मिमी. (८ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या मॉडेलचा टाका.) भर उन्हाळ्यात हादरा बसला तर १५.५ अधिक २४, म्हणजे ३९.५. ५० मिमीमध्ये १० मिमी हातात उरतात, तेवढे शटरिंगच्या फुगण्यात जातात. म्हणून ५० मिमी, फुटिंगच्या माथ्यापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत. फुटिंग कापायची गरज नाही, एका फुटिंगवर जोडकॉलम उभे करा.

थर्माकोल शटरिंग म्हणून घाला, पण स्लॅब उघडल्यावर काढून टाका. त्याच्या मागे सिमेंटचं पाणी शिरून खडे झालेले मी पाहिलेत. काढता येणार नाही अशा ठिकाणी पहिल्यापासूनच बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम वापरा.

सीलंटमध्ये माझी निवड बाहेरच्या भिंतीला न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना आम्ल न सोडणारं सिलिकॉन, ±५० चं. ऊन ते उत्तम सोसतं. खोट एवढीच की त्यावर रंग धरत नाही आणि धूळ चिकटते, म्हणून रंग आर्किटेक्टला आधीच निवडायला लावा. रंग द्यायचाच असेल तर ±५० चं पॉलीयुरेथेन घ्या, पण उघड्या उन्हात त्याची पावडर सुटते. व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉन काँक्रीटला लावू नका, त्यातून सुटणारं आम्ल काँक्रीटच्या अल्कलीशी भांडतं आणि चिकटणं संपतं. पॉलीसल्फाइड मी पाण्याच्या टाक्यांसाठी ठेवतो.

भरताना कडेची सिमेंटची साय ग्राइंडरने काढायची, प्रायमर मारायचा, आणि मागे जॉइंटच्या रुंदीच्या सुमारे सव्वापट जाड फोमची दोरी दाबून बसवायची. सीलंट फक्त दोन कडांना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं की त्याला ताणायला जागा उरत नाही आणि पहिल्याच थंडीत ते मधून फाटतं. ५० मिमी ही बंदुकीने भरायची जवळजवळ वरची हद्द आहे. एवढ्या रुंदीला खोली १२ ते १५ मिमी ठेवा, कंपनीचा कागद वाचून. भिंतीवर ते ओघळेल अशी भीती वाटत असेल, तर वर अॅल्युमिनियमची पट्टी लावा, एकाच बाजूला स्क्रू मारून.

गच्चीवर मात्र सीलंटच्या भरवशावर राहूच नका. दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी उंच आरसीसी कर्ब, म्हणजे उंचवट्याच्या कडा घ्या, वॉटरप्रूफिंग कर्बवर चढवा आणि माथ्यावर टोपी बसवा. ती एका कर्बला पक्की, दुसऱ्यावर नुसती टेकलेली. माझ्या हातून एका वसतिगृहाच्या इमारतीत हीच चूक झाली होती. स्लॅब, बीम, कॉलम सगळं नीट कापलं होतं, पण गवंड्याने टोपी दोन्हीकडे मसाल्याने जाम केली आणि कठड्याचं प्लास्टर जॉइंटवरून सलग ओढलं. मी पाहिलं, पण सही केली. मे महिन्यात जॉइंटपासून फूटभर अंतरावर कठड्यात तिरपी भेग आली आणि जूनमध्ये खालच्या खोलीत पाणी. जॉइंट आहे तिथे भेग नाही, शेजारी आहे, याचा अर्थ जॉइंट कुठेतरी जाम आहे. दोन दिवस शोधून शेवटी गच्चीवर सापडलं.

तशी शंका आली तर फोडाफोड करण्याआधी मोजा. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवा आणि पहाटे सहाला व दुपारी चारला व्हर्नियरने अंतर घ्या, चार-पाच दिवस. उन्हाळ्यात उघड्या गच्चीवर फरक काही मिमीचा दिसायला हवा, पहाटे जास्त आणि दुपारी कमी. फरक शून्य आला तर कुठेतरी दगड, मसाला किंवा सलग गेलेली सळई आहे. विजेचे पाइप, पाण्याच्या लाइन आणि टाइल्सही जॉइंटवरून सलग गेल्या नाहीत ना, तेही पाहा.

जमत असेल तर लिफ्टचा गाभा ब्लॉकच्या मध्याकडे सरकवायला आर्किटेक्टला विचारा. अगदी मध्यावर आला तर पूर्व ब्लॉकचीही २२ मीटर लांबीच सरकेल. जॉइंटला लागून नका ठेवू. त्याने जॉइंट शांत होईल, पण ४० मीटर दूरच्या टोकाला वरच्या मजल्याचे कॉलम ती हालचाल खातील. आता आहे तसंच ठेवलं तर हीच शिक्षा जॉइंटलगतच्या पूर्वेकडच्या कॉलमना आहे, तेव्हा त्यांना तापमानाचा भार मॉडेलमध्ये घालून एकदा तपासा. आणि नकाशावर ५० मिमीच्या शेजारी लिहा: ‘सीलंट स्लॅबचं तापमान २० ते ३० अंश असतानाच भरावे’. मे महिन्याच्या दुपारी, जॉइंट मिटलेला असताना भरलं, तर पुढची सगळी हालचाल उघडण्याचीच होते: ३१ मिमी, तीही ३४-३५ मिमी रुंदीवर.